‘अ नंबर ऑफ’ आणि ‘द नंबर ऑफ’: क्रियापद कोणाप्रमाणे चालतं?

प्रश्न: मी महाविद्यालयात भूगोल शिकवते. वार्षिक अहवालाच्या इंग्रजी मसुद्यात मी ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅव इन्क्रीज्ड’ असं लिहिलं होतं. सहकाऱ्यांनी ‘हॅव’ खोडून ‘हॅज’ केलं. म्हणून पुढच्या ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स हॅव वन प्रायझेस’ या वाक्यातही मी ‘हॅज’ केलं, तर ते म्हणाले, इथे ‘हॅव’च हवं. शब्द दोन्हीकडे तोच, ‘नंबर’, आणि तो एकवचनी. मग क्रियापद एकदा असं आणि एकदा तसं का? आणि लिहिताना ओळखायचं कसं?

उत्तर: तुमच्या सहकाऱ्यांनी दोन्ही ठिकाणी बरोबर सांगितलं. ‘द नंबर ऑफ’ असेल तर क्रियापद एकवचनी, ‘अ नंबर ऑफ’ असेल तर अनेकवचनी. एवढा नियम कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात मिळतो आणि स्पर्धा परीक्षांच्या वर्गात पाठही करून घेतात. तरीही माझ्याकडे तपासायला येणाऱ्या अहवालांत, प्रबंधांत आणि संस्थांच्या पत्रकांत ही चूक सतत दिसते. त्याचं कारण मला असं वाटतं: नियम ‘अ’ आणि ‘द’ बघून क्रियापद ठरवायला सांगतो, पण आपल्याकडे लिहिणाऱ्याची अडचण बहुतेक वेळा त्याच्या आधीची असते. तिथे ‘अ’ हवा की ‘द’, हेच ठरलेलं नसतं. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे तो निर्णय आपण सवयीने किंवा कानाने घेतो. आर्टिकल चुकलं आणि नियम मात्र नीट पाळला, तर क्रियापद नियमाप्रमाणे बसतं आणि वाक्य तरीही चुकतं.

म्हणून आधी ‘का’ पाहू, मग आर्टिकल आणि क्रियापद एकत्र कसं ठरवायचं ते.

‘द नंबर ऑफ स्टुडंट्स’ म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या. आपण बोलतो आहोत ते संख्येबद्दल, म्हणजे एका आकड्याबद्दल. ती वाढते, घटते, दुप्पट होते, चाळीस असते, समाधानकारक असते. ‘ऑफ स्टुडंट्स’ हा भाग फक्त कशाची संख्या एवढंच सांगतो. वाक्याचा खरा कर्ता ‘नंबर’ आहे, तो एकच आहे, म्हणून ‘हॅज’, ‘इज’, ‘वॉज’.

‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स’ म्हणजे बरेच विद्यार्थी, कित्येक विद्यार्थी. इथे ‘अ नंबर ऑफ’ हे तीन शब्द मिळून ‘मेनी’ किंवा ‘सेव्हरल’चं काम करतात. ‘नंबर’ दिसायला नाम आहे, पण त्याने कर्तेपण सोडलेलं आहे. बक्षिसं मिळवली ती विद्यार्थ्यांनी, संख्येने नव्हे. कर्ता ‘स्टुडंट्स’, म्हणून ‘हॅव’. ‘अ लॉट ऑफ स्टुडंट्स’ म्हणताना आपण ‘लॉट’ एकवचनी आहे म्हणून अडखळत नाही, ‘आर’ सहज येतं. ‘अ नंबर ऑफ’ त्याच जातीचं आहे. फरक इतकाच की ‘लॉट’चा स्वतंत्र अर्थ आपल्या डोक्यात फारसा नसतो आणि ‘नंबर’चा असतो. शिवाय मराठीतही नंबर हा शब्द रोजचा आहे आणि एकवचनीच आहे: नंबर लागतो, नंबर येतो, नंबर चुकतो. त्यामुळे ‘नंबर’ दिसला की हात एकवचनाकडे जातो.

आता ओळखायचं कसं. मी वापरते ती रीत आर्टिकलपासून सुरू होत नाही, वाक्याच्या शेवटापासून सुरू होते. कर्ता बाजूला ठेवा आणि उरलेला भाग, म्हणजे विधेय, वाचा. मग विचारा: ही गोष्ट आकड्याला लागू पडते की माणसांना, वस्तूंना?

‘हॅज / हॅव वन प्रायझेस’: बक्षिसं आकडा मिळवत नाही, मुलं मिळवतात. म्हणजे आपल्याला ‘बरेच’ म्हणायचं आहे. आर्टिकल ‘अ’, क्रियापद ‘हॅव’.

‘हॅज / हॅव इन्क्रीज्ड बाय ट्वेल्व्ह’: बाराने वाढतो तो आकडा. आर्टिकल ‘द’, क्रियापद ‘हॅज’.

एकाच प्रश्नाने दोन्ही गोष्टी ठरल्या. आर्टिकल आणि क्रियापद ही इथे जोडी आहे. एक धरून दुसरं दुरुस्त करायला गेलं की गडबड होते. समजा, मसुद्यात ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स आर सफरिंग फ्रॉम अनीमिया’ असं वाक्य आहे. ‘द’ पाहून कोणी नियमाने ‘आर’चं ‘इज’ केलं, तर वाक्य होतं ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज सफरिंग फ्रॉम अनीमिया’. क्रियापद नियमाला धरून आहे आणि वाक्याचा अर्थ असा की विद्यार्थ्यांच्या संख्येला रक्तक्षय झाला आहे. इथे क्रियापद बरोबर होतं, चुकलं होतं ते आर्टिकल. दुरुस्ती: ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर सफरिंग’. उलट बाजूने, ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स हॅज इन्क्रीज्ड’ यात ‘हॅज’चं ‘हॅव’ केलं तर अर्थ होतो, बरेच विद्यार्थी वाढले, जणू उंचीने किंवा वजनाने. इथेही क्रियापदाला हात लावायचा नाही, ‘अ’चा ‘द’ करायचा.

मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्याला एक फायदा आहे, तो सोडू नये. हेच वाक्य मराठीत म्हणा आणि क्रियापद कशाप्रमाणे बदलतंय ते पाहा. ‘विद्यार्थ्यांची संख्या वाढली’: ‘वाढली’ हे ‘संख्या’प्रमाणे चाललं, म्हणजे ‘द’ आणि एकवचन. ‘बरेच विद्यार्थी गैरहजर होते’: ‘होते’ हे ‘विद्यार्थी’प्रमाणे चाललं, म्हणजे ‘अ’ आणि अनेकवचन. मात्र यात एक खाच आहे. ‘विद्यार्थी मोठ्या संख्येने गैरहजर होते’ या वाक्यात ‘संख्या’ हा शब्द आहे, म्हणून पुष्कळ जण लगेच ‘द लार्ज नंबर ऑफ स्टुडंट्स वॉज अ‍ॅबसेंट’ लिहितात. पण क्रियापद पाहा: ‘होते’. ते ‘विद्यार्थी’प्रमाणे आहे, ‘संख्येने’ हा फक्त प्रकार सांगणारा शब्द आहे. म्हणून इंग्रजीत ‘अ लार्ज नंबर ऑफ स्टुडंट्स वेअर अ‍ॅबसेंट’. उलट ‘गैरहजर विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती’ म्हटलं की ‘होती’ झालं, आणि इंग्रजीत ‘द नंबर ऑफ अ‍ॅबसेंट स्टुडंट्स वॉज लार्ज’. तेव्हा कान ‘संख्या’ शब्दावर नको, मराठी क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरावर हवा.

वरच्या उदाहरणात ‘लार्ज’ आला, त्यावरून सांगते: मध्ये विशेषण आल्याने ‘अ’चा हिशोब बदलत नाही. ‘अ स्मॉल नंबर ऑफ’, ‘अ ग्रोइंग नंबर ऑफ’, ‘अ रेकॉर्ड नंबर ऑफ’, ‘अ‍ॅन इन्क्रीजिंग नंबर ऑफ’ या सगळ्यांपुढे अनेकवचन. ‘अ‍ॅन इन्क्रीजिंग नंबर ऑफ फार्मर्स आर टर्निंग टू ड्रिप इरिगेशन’. इथे ‘इन्क्रीजिंग’ शब्दामुळे वाढणारी संख्या डोळ्यांपुढे येते आणि ‘इज’ लिहिलं जातं. पण ठिबककडे वळताहेत ते शेतकरीच.

आता ज्या चुकीने सगळ्यात जास्त वाक्यं बिघडतात त्याकडे येते: आर्टिकलच नसणं. ‘नंबर ऑफ स्टुडंट्स वेअर प्रेझेंट फॉर द फंक्शन.’ हे आपल्याकडच्या इंग्रजीत सर्रास दिसतं, आणि ते येतं तक्त्यांमधून. तक्त्याच्या रकान्याला ‘नंबर ऑफ स्टुडंट्स’ असं शीर्षक असतं, तिथे आर्टिकल लागत नाही आणि तिथे ते बरोबरच आहे. अहवाल लिहिणारा तो रकाना पाहून वाक्य तयार करतो आणि शीर्षक जसंच्या तसं कर्ता म्हणून उचलतो. वाक्यात आलं की मात्र आर्टिकल लागतंच, आणि इथे ते नसल्याने वाचणाऱ्याला दोन अर्थांपैकी एक ओळखावा लागतो. ‘नंबर ऑफ स्टुडंट्स वेअर प्रेझेंट’ला ‘अ’ जोडायचा. ‘नंबर ऑफ स्टुडंट्स इज 640’ला ‘द’. तक्ता समोर ठेवून लिहिताना रकान्याच्या शीर्षकामागे नेहमी ‘द’ दडलेला असतो हे लक्षात ठेवा, कारण रकान्यात आकडेच असतात.

दुसरी मोठी जागा म्हणजे लांब कर्ता. ‘द नंबर’ आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये जितके शब्द येतील तितका धोका वाढतो. कारण क्रियापदापाशी पोचेपर्यंत ‘नंबर’ मागे राहिलेला असतो आणि जवळ असतं एखादं अनेकवचनी नाम. हे फक्त आपल्याला होतं असं नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही इथे घसरतात. कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजी भाषकांना वाक्याचा सुरुवातीचा भाग देऊन वाक्य पुरं करायला सांगितलं होतं. ‘द की टू द कॅबिनेट्स’ अशा प्रकारच्या सुरुवातीनंतर, म्हणजे मुख्य नाम एकवचनी आणि जवळचं नाम अनेकवचनी असताना, ‘आर’ची चूक जास्त झाली. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स’ हा तर याच साच्याचा कर्ता आहे, आणि त्यातलं जवळचं नाम जवळजवळ नेहमीच अनेकवचनी असतं.

त्यात ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ने सुरू होणारं उपवाक्य आलं की एका वाक्यात दोन क्रियापदं होतात आणि दोघांचे मालक वेगळे असतात:

‘द नंबर ऑफ कँडिडेट्स हू हॅव अप्लाइड ऑनलाइन हॅज डबल्ड.’

पहिलं ‘हॅव’ हे ‘हू’चं, आणि ‘हू’ म्हणजे ‘कँडिडेट्स’. अर्ज केले उमेदवारांनी. दुसरं ‘हॅज’ हे ‘नंबर’चं. दुप्पट झाली ती संख्या. ‘द नंबर ऑफ’चा नियम नुकताच शिकलेले लोक इथे उत्साहाने दोन्हीकडे ‘हॅज’ करतात आणि ‘हू हॅज अप्लाइड’ असं चुकीचं लिहून बसतात. असं वाक्य तपासताना उपवाक्य बोटाने झाका: ‘द नंबर ऑफ कँडिडेट्स … हॅज डबल्ड’. मग बोट काढून आतलं उपवाक्य वेगळं वाचा: ‘कँडिडेट्स हू हॅव अप्लाइड’. दोन्ही स्वतंत्रपणे बरोबर असतील तर वाक्य बरोबर.

आता हे सगळं एका परिच्छेदावर लावून दाखवते. आरोग्य शिबिराच्या अहवालात जशा चुका एकत्र येतात तशा या नमुन्यात मी मुद्दाम एकत्र घातल्या आहेत:

‘द नंबर ऑफ पेशंट्स अ‍ॅट द कॅम्प वेअर 214. अ नंबर ऑफ पेशंट्स हॅज इन्क्रीज्ड सिन्स लास्ट इयर. द नंबर ऑफ पेशंट्स वेअर फाउंड टू हॅव हाय ब्लड प्रेशर. द नंबर ऑफ विमेन हू हॅज कम फॉर आय टेस्टिंग आर एन्करेजिंग. देअर इज अ नंबर ऑफ रीझन्स फॉर धिस.’

पहिलं वाक्य. विधेय आहे 214, म्हणजे आकडा. आकडा हा संख्येचाच असतो, म्हणून ‘द’ बरोबर आणि ‘वेअर’ चूक: ‘वॉज 214’. दोनशे चौदा म्हणजे पुष्कळ, मग ‘वेअर’ का नको, असं कोणाला वाटेल. पण ‘214’ हे इथे एका संख्येचं मूल्य आहे, दोनशे चौदा माणसं नव्हेत. माणसांबद्दल बोलायचं तर वाक्याची घडणच बदला: ‘देअर वेअर 214 पेशंट्स अ‍ॅट द कॅम्प’. माझ्या मते अहवालात हेच जास्त चांगलं.

दुसरं वाक्य. गेल्या वर्षीपेक्षा वाढले ते रुग्ण नव्हेत, त्यांची संख्या. ‘हॅज’ला हात लावायचा नाही, ‘अ’चा ‘द’.

तिसरं. रक्तदाब जास्त निघाला तो रुग्णांचा, तोही काही रुग्णांचा. ‘वेअर’ बरोबर, ‘द’ चूक: ‘अ नंबर ऑफ पेशंट्स वेअर फाउंड’. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात चूक आर्टिकलची होती, क्रियापदं दोन्हीकडे आधीपासून योग्य होती. लिहिणाऱ्याला अर्थ नीट माहीत असतो, त्यामुळे क्रियापद अर्थाप्रमाणे आपोआप बरोबर पडतं आणि आर्टिकल मात्र अंदाजाने पडतं. तपासताना बहुतेक जण नेमकं त्या बरोबर पडलेल्या क्रियापदालाच बदलतात.

चौथं. दोन क्रियापदं आहेत आणि दोन्ही उलटी पडली आहेत. तपासणीला आल्या त्या स्त्रिया: ‘हू हॅव कम’. उत्साहवर्धक आहे ती संख्या: ‘इज एन्करेजिंग’. पूर्ण वाक्य: ‘द नंबर ऑफ विमेन हू हॅव कम फॉर आय टेस्टिंग इज एन्करेजिंग’.

पाचवं. ‘देअर’ने सुरू होणाऱ्या वाक्यात क्रियापद आधी येतं आणि खरा कर्ता मागून येतो. ‘अ नंबर ऑफ रीझन्स’ म्हणजे अनेक कारणं, म्हणून ‘देअर आर अ नंबर ऑफ रीझन्स’. ‘आर’ला लागून ‘अ’ येतो हे कानाला खटकतं, मला मान्य आहे, आणि बोलताना इंग्रज माणूसही ‘देअर्ज अ नंबर ऑफ’ म्हणून जातो. लेखी इंग्रजीत आणि परीक्षेत ‘देअर आर’ ठेवा. खटकणं अगदीच नको असेल तर ‘देअर आर सेव्हरल रीझन्स’ लिहून मोकळं व्हा.

तिसऱ्या वाक्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती व्याकरणाइतकीच महत्त्वाची आहे. ‘अ नंबर ऑफ पेशंट्स’ म्हणजे किती? दहाही असतील, ऐंशीही असतील. इंग्रजीत हा शब्दप्रयोग मुद्दाम मोघम आहे. हातात आकडा असताना अहवालात तो वापरू नये: ‘थर्टी-वन पेशंट्स वेअर फाउंड टू हॅव हाय ब्लड प्रेशर’ म्हटलं की माहितीही मिळते आणि ‘अ की द’ हा प्रश्नही राहत नाही. आकडा नसेल तर ‘सम’, ‘सेव्हरल’, ‘मेनी’ यांपैकी जो खरा असेल तो घ्या.

‘अ’ असूनही एकवचन बरोबर ठरतं अशा जागा थोड्या आहेत, पण त्या माहीत नसल्या तर चांगला लिहिणाराही गोंधळतो. पहिली सोपी आहे. ‘नंबर’चा अर्थ खरोखर आकडा असेल, जसं ‘अ नंबर ऑफ फोर डिजिट्स इज ईझी टू रिमेंबर’, तर एकवचन. इथे ‘बरेच’ हा अर्थच नाही. चार अंकी एक आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे, एवढंच वाक्य म्हणतं. ‘मेनी’ ठेवून पाहा, वाक्य मोडतं. आणि वाक्य मोडलं की समजायचं, ‘नंबर’ इथे स्वतः कर्ता आहे.

दुसरी जागा संस्थांच्या नियमावलीत येते: ‘अ मिनिमम नंबर ऑफ फाइव्ह मेंबर्स इज / आर रिक्वायर्ड’. इथे दोन्ही वाचायला मिळतात, आणि दोन्हींमागे कारण आहे. किमान पाच हा आकडा ठरवला आहे असं धरलं तर ‘इज’. पाच सभासद हजर हवेत असं धरलं तर ‘आर’. मी नियमावली तपासते तेव्हा यातलं एकही ठेवत नाही. ‘अ‍ॅट लीस्ट फाइव्ह मेंबर्स आर रिक्वायर्ड’ लिहिलं की अर्थही स्पष्ट होतो, वादही राहत नाही आणि वाक्यही आखूड होतं.

उलट प्रकारची, म्हणजे ‘द’ असूनही अनेकवचन ओढून घेणारी, एक जागा आहे आणि ती खरोखर नाजूक आहे: ‘द स्मॉल नंबर ऑफ स्टुडंट्स हू केम वेअर गिव्हन सीट्स इन फ्रंट’. नियम म्हणतो ‘वॉज’. पण पुढे बसवलं ते मुलांना, संख्येला नव्हे, आणि ‘वॉज’ लिहिलं तर वाक्य हास्यास्पद होतं. विधेय विचारण्याची आपली रीत इथे ‘अ’ सुचवेल, पण ‘अ’ही बसत नाही, कारण आपण ठरावीक मुलांबद्दल बोलतो आहोत: जी आली ती. इथे ‘द स्मॉल नंबर ऑफ’ हे ‘द फ्यू’सारखं काम करतं, आणि चांगले लिहिणारेही अशा ठिकाणी ‘वेअर’ लिहितात. ते अर्थाला धरून आहे. पण ज्या वाचकाला नियम पाठ आहे तो त्याखाली लाल रेघ ओढणार, हेही खरं. म्हणून तिथे मी सरळ ‘द फ्यू स्टुडंट्स हू केम वेअर गिव्हन सीट्स’ करते. मात्र ‘द स्मॉल नंबर ऑफ अ‍ॅप्लिकेशन्स इज अ कन्सर्न’ यात काळजीचं कारण संख्या कमी असणं हेच आहे, तिथे ‘इज’ नि:शंक बरोबर.

‘द नंबर ऑफ बॉइज अँड गर्ल्स’ म्हणजे मुलामुलींची मिळून एकच संख्या, क्रियापद एकवचनी. ‘द नंबर ऑफ बॉइज अँड द नंबर ऑफ गर्ल्स आर ईक्वल’ यात दोन संख्या आहेत, म्हणून ‘आर’. भूगोलाच्या अहवालात लोकसंख्येच्या तुलना येतात, म्हणून हे तुम्हाला लागेल.

आणि इथून पुढे हा नियम दुसऱ्या शब्दांवर चालवण्याआधी थांबा. ‘टोटल’ बऱ्यापैकी असाच वागतो: ‘अ टोटल ऑफ फॉर्टी स्टुडंट्स वेअर सिलेक्टेड’, पण ‘द टोटल ऑफ ऑल द बिल्स इज हाय’. ‘मेजॉरिटी’ मात्र असा वागत नाही. ‘अ मेजॉरिटी ऑफ स्टुडंट्स’ आणि ‘द मेजॉरिटी ऑफ स्टुडंट्स’ दोन्हींपुढे ‘आर’च येतं, कारण दोन्हींचा अर्थ बहुसंख्य विद्यार्थी हाच आहे. ‘द’ दिसला म्हणून तिथे ‘इज’ करणारे मी पाहिले आहेत. ‘द’मध्ये स्वतःची एकवचन करण्याची ताकद नाही, ‘द नंबर’मध्ये एकवचन येतं ते आपण संख्येबद्दल बोलतो म्हणून.

परीक्षेसाठी कोणी विचारलं तर थोडं वेगळं सांगावं लागतं. चूक शोधा प्रकारच्या प्रश्नात वाक्याचे तुकडे पाडलेले असतात आणि एकाच तुकड्यात चूक असते. ‘द नंबर ऑफ’ एका तुकड्यात आणि ‘आर’ दुसऱ्यात असेल, तर विधेय वाचून ठरवा चूक कुठल्या तुकड्यात धरायची. ‘आर इन्क्रीजिंग एव्हरी इयर’ असेल तर ‘आर’चा तुकडा. विधेय माणसांचं असेल, जसं ‘आर वेटिंग आउटसाइड’, तर ‘द’चा तुकडा. सगळे उमेदवार सवयीने क्रियापदाच्याच तुकड्यावर खूण करतात, पण ‘द नंबर ऑफ पीपल इज वेटिंग आउटसाइड’ हेही वाक्य होत नाही.

तुमच्या मसुद्यापुरतं म्हणायचं तर ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅज इन्क्रीज्ड’ आणि ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स हॅव वन प्रायझेस’ अशी दोन्ही वाक्यं ठेवा. दुसऱ्यात बक्षीस मिळवणाऱ्यांचा आकडा तुमच्याकडे असणारच. तो घालून ‘अ नंबर ऑफ’ काढता आलं तर जरूर काढा.